चार मीटरची गाडी, चार मिलिमीटरची खोली

गाडीच्या बाजूच्या आरशावर खालच्या कडेला एक इंग्रजी ओळ कोरलेली असते. आरशात दिसणाऱ्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत, असा तिचा अर्थ. ही सूचना खरी आहे आणि उपयोगाचीही आहे. पण तिच्यामागचा प्रश्न मला फार दिवस छळत होता. वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे, हे ठीक. मग दिसते ती नेमकी कुठे? प्रकाशशास्त्र प्रतिमेची एक जागा सांगतं, डोळा दुसरी सांगतो, आणि खरी गाडी तिसऱ्याच ठिकाणी असते. या तिन्हींचा हिशेब एकदा बसून केला आणि विशालन हा शाळेत उरकलेला विषय किती अर्धवट शिकवला जातो ते लक्षात आलं.

शाळेत विशालन म्हणजे प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची. आरसा असो की भिंग, बाण सरळ उभा काढायचा, प्रतिमेचाही बाण काढायचा, दोन उंच्या मोजायच्या. तो बाण नेहमी पातळ असतो, त्याला जाडी नसते. खऱ्या वस्तूंना जाडी असते. गाडीला पुढचं बंपर आहे तसं मागचंही आहे, आणि ही दोन्ही आरशापासून वेगवेगळ्या अंतरावर आहेत. त्यांच्या प्रतिमा एकमेकींपासून किती अंतरावर पडतील? उंचीसाठी जे विशालन वापरलं तेच खोलीलाही लागू होईल, असं आपण न बोलता धरून चालतो. ते लागू होत नाही.

एक आरसा घेऊ. गाडीच्या बाजूचे आरसे बहिर्गोल असतात. वक्रता त्रिज्या १.४ मीटर धरू, म्हणजे नाभीय अंतर तिच्या निम्मं, ०.७ मीटर. ही काही मनाने घेतलेली टोकाची संख्या नाही. अमेरिकेच्या १११ क्रमांकाच्या वाहनसुरक्षा मानकात चालकापासून लांबच्या बाजूच्या बहिर्गोल आरशाची त्रिज्या ८८९ ते १६५१ मिलिमीटर असावी असं म्हटलं आहे. (ती सुप्रसिद्ध ओळ आरशावर असलीच पाहिजे, हेही तिथेच लिहिलं आहे.) आपल्या मागे एक मोटार येते आहे. रुंदी १.७ मीटर, लांबी ४ मीटर. तिचं नाक आरशापासून २० मीटरवर आहे, म्हणजे शेपूट २४ मीटरवर.

बहिर्गोल आरशाचं विशालन काढणं सोपं आहे. नाभीय अंतराला, वस्तूचं अंतर आणि नाभीय अंतर यांच्या बेरजेने भागायचं. नाकासाठी ०.७ ÷ २०.७, म्हणजे ०.०३३८. शेपटीसाठी ०.७ ÷ २४.७, म्हणजे ०.०२८३. त्यामुळे गाडीच्या पुढच्या बाजूची प्रतिमा साधारण ५७ मिलिमीटर रुंद आणि मागच्या बाजूची ४८ मिलिमीटर. इथपर्यंत शाळेतलंच गणित.

आता या प्रतिमा पडतात कुठे? अनंत अंतरावरच्या वस्तूची प्रतिमा आरशाच्या मागे नाभीत पडते, ७० सेंटिमीटरवर. जवळच्या वस्तूची प्रतिमा नाभीच्या थोडी अलीकडे, आरशाकडे सरकलेली असते. ती किती सरकते याचा नियम मला फार देखणा वाटतो: सरकलेलं अंतर म्हणजे नाभीय अंतर गुणिले विशालन. नाकाची प्रतिमा नाभीपासून २३.७ मिलिमीटर अलीकडे, शेपटीची १९.८ मिलिमीटर अलीकडे. दोन्हींतला फरक ३.८ मिलिमीटर.

चार मीटर लांबीच्या गाडीची प्रतिमा चार मिलिमीटरसुद्धा खोल नाही. ५७ मिलिमीटर रुंदीची, प्रमाणात केलेली गाडी तब्बल १३५ मिलिमीटर लांब व्हायला हवी होती. आरशाने रुंदी तीस पटींनी कमी केली, तर खोली हजार पटींनी. आणि ३.८ हा आकडा कुठून आला ते पाहिलं की नियम आपोआप उलगडतो. नाकाचं विशालन घ्या, त्याला शेपटीच्या विशालनाने गुणा, आणि त्या गुणाकाराने चार मीटरना गुणा. उत्तर बरोबर ३.८ मिलिमीटर येतं. रुंदीला विशालन एकदा लागतं. खोलीला ते दोनदा लागतं, एकदा अलीकडच्या टोकाचं आणि एकदा पलीकडच्या टोकाचं. वस्तू खोलीला अगदी लहान असेल तर दोन्ही टोकांची विशालनं जवळजवळ सारखीच असतात आणि गुणाकार म्हणजे विशालनाचा वर्ग होतो. पुस्तकांत खोलीच्या दिशेचं विशालन म्हणजे आडव्या विशालनाचा वर्ग असं सूत्र दिलेलं असतं ते हेच. पण ते सूत्र लहान वस्तूपुरतं खरं आहे. दोन टोकांचा गुणाकार मात्र कितीही लांब वस्तूला अचूक लागू पडतो. म्हणून मी वर्गापेक्षा गुणाकारच लक्षात ठेवतो.

या नियमाचा एक परिणाम विलक्षण आहे. वीस मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत मागे जे काही आहे, ट्रक, झाडं, टोलनाका, सह्याद्रीची रांग, या साऱ्याची प्रतिमा आरशामागे अडीच सेंटिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या थरात बसलेली असते. आणि त्या थरात जवळचं-लांबचं वाटपही सारखं नसतं. मागची गाडी आपल्यापेक्षा सेकंदाला १० मीटर जास्त वेगाने येत असेल, तर ती ५० मीटरवर असताना तिची प्रतिमा सेकंदाला जेमतेम २ मिलिमीटर पुढे सरकते. तीच गाडी १० मीटरवर आली की प्रतिमेचा वेग सेकंदाला ४३ मिलिमीटर होतो, आणि ५ मीटरवर १५ सेंटिमीटर. गाडी एकाच वेगाने येते आहे, तिची प्रतिमा मात्र बराच वेळ रेंगाळते आणि शेवटी एकदम अंगावर येते.

इथे एक रास्त शंका येते. गाडीची प्रतिमा इतकी चपटी असेल तर आरशात ती आपल्याला चपटी का दिसत नाही? आरशात तर अगदी नीट, लहानशी, लांबीला लांब असलेली मोटार दिसते.

याचं उत्तर त्या ५७ आणि ४८ मिलिमीटरमध्ये आहे. प्रतिमा नुसती दाबलेली नाही, मागे जाताना ती निमुळतीही झाली आहे. खऱ्या गाडीची मागची बाजू पुढच्याइतकीच रुंद आहे, पण प्रतिमेची मागची बाजू प्रत्यक्षातच अरुंद आहे. लेण्यांच्या भिंतीवरचं उठावशिल्प असंच असतं. चार बोटांच्या उठावात शिल्पकार हत्ती, त्यामागचा स्वार आणि त्याहूनही मागची गर्दी दाखवतो, कारण मागच्या आकृती त्याने खरोखर लहान कोरलेल्या असतात. समोर उभं राहून एका डोळ्याने पाहिलं तर खोली खरी वाटते. आरसा हेच करतो. जे दृश्य दूर गेल्यामुळे लहान दिसायला हवं ते तो प्रतिमेतच लहान करून ठेवतो, आणि वर खोली दाबून टाकतो. या दोन गोष्टी एकमेकींना इतक्या काटेकोरपणे जुळतात की एका बिंदूतून पाहणाऱ्याला काहीही चुकल्यासारखं दिसत नाही.

किती काटेकोर, तेही पाहू. डोळा आरशापासून ८० सेंटिमीटरवर आहे असं धरा. आरशातलं सगळं दृश्य, त्यातल्या वस्तूंची एकमेकींच्या तुलनेतली मापं, कोण कोणाला झाकतं, हे सारं अगदी तसंच असतं जसं आरशाच्या मागे सुमारे ३७ सेंटिमीटरवर डोळा ठेवून थेट पाहिलं असतं तर दिसलं असतं. हा बिंदू म्हणजे दुसरं काही नसून आपल्या डोळ्याचीच त्या आरशातली प्रतिमा. फरक एवढाच की सगळं दृश्य एकाच प्रमाणात आक्रसलेलं असतं, आपल्या उदाहरणात ०.४७ पट. २० मीटरवरची गाडी आरशात जेवढी दिसते, तेवढी ती थेट पाहताना ४४ मीटरवर असती तर दिसली असती. सपाट आरशात ती २१ मीटरवरच्या गाडीएवढी दिसली असती.

म्हणजे तीन अंतरं झाली. गाडी खरोखर २० मीटरवर आहे. तिचा आकार सांगतो की ती ४४ मीटरवर आहे. आणि तिची प्रतिमा, जिथून किरण येताहेत असं डोळ्याच्या भिंगाला भासतं ती जागा, डोळ्यापासून दीड मीटरवर आहे. आरशावरची ती ओळ आकाराबद्दल बोलते. प्रतिमेच्या जागेबद्दल बोलायचं तर ती उलटी लिहावी लागली असती, कारण प्रतिमा गाडीपेक्षा कितीतरी जवळ आहे. आपला मेंदू अशा वेळी आकारावर विश्वास ठेवतो. गाडी केवढी असते हे त्याला पाठ असतं.

हे दीड मीटर नुसतं कागदावरचं नाही, याचा पुरावा मला घरातच मिळाला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांत लांबचं दिसावं अशी कृत्रिम भिंगं बसवली. पुन्हा गाडी चालवायला लागल्यावर ते म्हणाले, "अरे, मधला आरसा कसा लख्ख दिसतो. बाजूच्यातली गाडी मात्र जरा पुसट दिसते. काच पुसली तरी तेच." बाबांचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. मधला आरसा सपाट आहे, त्यातली गाडीची प्रतिमा खरोखर वीस मीटर पलीकडे असते, आणि लांबवर जुळवलेलं भिंग ती स्पष्ट दाखवतं. बाजूच्या आरशातली प्रतिमा दीड मीटरवर असते. तिच्यासाठी डोळ्याला जवळजवळ पाऊण नंबर जास्त लागतो. तरुण डोळा तो आपोआप भरून काढतो. कृत्रिम भिंगाला आपली ताकद अशी बदलता येत नाही. गाडीचा आकार कितीही लांबचा भास करून देवो, भिंगाला फसवता येत नाही. चाळिशीचा चष्मा लागलेल्या आणि फक्त लांबचा नंबर घालून गाडी चालवणाऱ्या कुणालाही हे थोड्याफार प्रमाणात अनुभवता येईल. भर उन्हात बाहुली आक्रसते तेव्हा हा पुसटपणा कमी होतो, संध्याकाळी वाढतो.

हाताने फोकस करता येणारा कॅमेरा असेल तर तपासणी आणखी सोपी. मोठ्या छिद्राचं ५० मिलिमीटरचं भिंग लावून चालकाच्या डोक्याच्या जागेवरून आरशाच्या चौकटीवर फोकस करायचं, मग आरशातल्या गाडीवर. भिंगावरच्या अंतराच्या खुणा ०.८ वरून दीड मीटरच्या आसपास जातील. मग कॅमेरा मधल्या आरशाकडे वळवला की तीच गाडी स्पष्ट करायला भिंग जवळपास अनंताच्या खुणेपर्यंत फिरवावं लागतं.

एका डोळ्याला सगळं जुळून दिसतं असं मी वर म्हटलं. दोन डोळ्यांची गोष्ट वेगळी. उठावशिल्पाकडे किंचित बाजूने पाहिलं की त्याचा उथळपणा उघडा पडतो, आणि आपले दोन डोळे म्हणजे कायम साडेसहा सेंटिमीटर अंतराने पाहणारे दोन प्रेक्षक. गाडीचं नाक आणि शेपूट यांच्यातल्या खोलीमुळे दोन डोळ्यांतल्या दृश्यांत जो बारीकसा फरक पडतो, तो थेट वीस मीटरवरची गाडी पाहताना जेवढा असता त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी आरशात उरतो. मागच्या वाहनांची रांग आरशात एकावर एक चिकटवल्यासारखी वाटते त्याचं एक कारण हे.

हाच सपाटपणा दुर्बिणीतून जास्त ठळक दिसतो. भिगवणला उजनीच्या पाणलोटात रोहित पाहायला गेलेल्यांनी तो पाहिला असेल. आठ पट दुर्बिणीतून थव्यातला प्रत्येक पक्षी सुंदर आणि मोठा दिसतो, पण अंगाने भरलेला वाटत नाही, आणि थव्याचे एकामागे एक पडदे लावल्यासारखे दिसतात. दुर्बीण तयार करते ती प्रतिमा खरं तर आठ पट लहान असते आणि खोलीला चौसष्ट पट लहान. ती डोळ्याच्या इतकी जवळ येते की आठ पट मोठी भासते. रुंदीच्या मानाने खोली मात्र आठ पट दाबलेलीच राहते. दुर्बीण जितकी ताकदवान, तितकं जग चपटं.

गाडीकडे परत येतो, कारण एका गोष्टीचा उलगडा अजून राहिला आहे. आरशातलं अंतर फसवं आहे, पण वेळ जवळजवळ खरी असते. वीस मीटरवरची गाडी सेकंदाला १० मीटर वेगाने जवळ येते आहे, म्हणजे दोन सेकंदांत पोचेल. आरशात ती ४४ मीटरवर भासते, पण सगळं दृश्य एकाच प्रमाणात आक्रसलं असल्यामुळे तिचा भासणारा वेगही तितकाच वाढलेला असतो, सेकंदाला २१ मीटर. भागाकार पुन्हा दोन सेकंदच. म्हणून लेन बदलताना गाडी किती लांब आहे असं मनाशी विचारण्यापेक्षा ती किती भराभर मोठी होते आहे हे पाहणं जास्त भरवशाचं. प्रतिमेची वाढ खरी वेळ सांगते. एका झटक्यात टाकलेली नजर ती वाढ पाहू शकत नाही, फक्त आकार पाहते, आणि ४४ मीटर भरपूर आहेत असं समजते. धोका आहे तो त्या एका नजरेत.

माझ्या या हिशेबात एक गोष्ट सोपी करून घेतली आहे. मी आरशाकडे समोरून पाहतो आहे असं धरलं. प्रत्यक्षात आपण तिरके पाहतो. उजव्या आरशात तिरकेपणा कमी असतो, डाव्यात जास्त. तिथे किरण आरशावर साधारण ३० अंशांच्या कोनात पडतो. तिरक्या किरणांसाठी गोल आरशाला एकच नाभीय अंतर राहत नाही. आडव्या दिशेला ते कमी होतं, उभ्या दिशेला वाढतं. आपल्या आरशासाठी आडवं ६१ सेंटिमीटर आणि उभं ८१ सेंटिमीटर. परिणामी डाव्या आरशातली गाडी उंचीच्या मानाने सहाव्या हिश्शाने अरुंद दिसते. कॅमेऱ्याने तिच्या उभ्या कडा आणि आडव्या कडा एकाच वेळी पूर्ण स्पष्ट करता येत नाहीत, थोडं पुढेमागे करावं लागतं. डाव्या आरशातल्या मोटारी उभट का वाटतात असा प्रश्न कुणाला पडला असेल, तर कारण हे.

आतापर्यंत प्रतिमा वस्तूपेक्षा लहान होती, म्हणून खोली दाबली गेली. विशालन एकाहून मोठं झालं की हाच वर्ग उलट्या बाजूने काम करतो आणि खोली ताणली जाते. यासाठी दहा सेंटिमीटर नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग, दोन छोटे दिवे आणि एक पांढरा पुठ्ठा पुरे. एक दिवा भिंगापासून १४ सेंटिमीटरवर ठेवा, दुसरा १६ वर, थोडा बाजूला सरकवून. १४ वरच्या दिव्याची प्रतिमा पुठ्ठ्यावर ३५ सेंटिमीटरवर उमटते, १६ वरच्याची सुमारे २६.७ वर. दिव्यांत अंतर दोन सेंटिमीटर, प्रतिमांत आठपेक्षा जास्त. मधल्या जागी, १५ वर, विशालन दोन आहे आणि त्याचा वर्ग चार, म्हणजे वर्गाच्या नियमाने उत्तर आठ यायला हवं. येतं ८.३. तो वरचा ०.३ दोन टोकांच्या गुणाकाराने अचूक भरून निघतो: २.५ गुणिले १.६७, म्हणजे ४.१७.

दिवे जवळ-दूर करताना आणखी एक गोष्ट दिसेल. भिंगात वस्तू आणि प्रतिमा एकाच दिशेने सरकतात. दिवा भिंगाकडे नेला की पलीकडची प्रतिमा भिंगापासून लांब पळते. आरशात हे उलटं होतं, वस्तू एका दिशेला तर प्रतिमा दुसरीकडे. सूत्रात आरशाच्या खोलीच्या विशालनाला उणे चिन्ह असतं ते यासाठीच. आरशासमोर आपण पुढे पाऊल टाकलं की प्रतिबिंबही सामोरं येतं, ते याचंच रोजचं रूप.

वर्ग का, याचं मला सगळ्यात पटलेलं कारण सूक्ष्मदर्शकापाशी कळतं. भिंग प्रतिमेची रुंदी चाळीस पट वाढवतं तेव्हा किरणांचे कोन त्याच प्रमाणात बारीक करतं, चाळिसाव्या हिश्शाइतके. रुंदी फुकट वाढत नाही, तिची किंमत कोनात मोजावी लागते. आता प्रतिमेची खोली ठरते ती किरण एकमेकांना कुठे छेदतात त्यावरून. दोन किरण बारीक कोनात एकमेकांकडे येत असतील तर बाजूला किंचित सरकवले तरी छेदबिंदू अक्षावर खूप लांब जातो. चाळीस पट रुंदी आणि चाळीस पट बारीक कोन, म्हणून खोली सोळाशे पट.

तांबड्या रक्तपेशीचं उदाहरण घेतो. तिचा व्यास साडेसात मायक्रॉनच्या आसपास, जाडी सुमारे दोन मायक्रॉन. ती बसक्या चकतीसारखी असते. ४० पट वस्तुभिंगाने नळीत तयार केलेली तिची प्रतिमा ०.३ मिलिमीटर रुंद होते, आणि पेशीच्या आतल्या अपवर्तनाचा हिशेब सोडला तर साधारण ३ मिलिमीटर लांब. जी वस्तू रुंदीच्या पावपट जाड होती, तिची प्रतिमा रुंदीच्या दहापट लांब झाली. नेत्रिकेतून आपल्याला ती अशी लांबुडकी दिसत नाही, कारण त्या लांबीचा एक छोटा तुकडाच एका वेळी स्पष्ट असतो. सूक्ष्म समायोजनाचं चाक केसभर फिरवलं की पेशीची वरची कडा जाते आणि खालची येते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचा हात सतत त्या चाकावर असतो. जाड नमुन्याचं आतपर्यंतचं एकच स्पष्ट दृश्य ४० पट भिंगातून मिळत नाही ते याचमुळे.

मग अशी कुठली प्रतिमा आहे का, जिची रुंदी आणि खोली एकाच प्रमाणात असेल? विशालन आणि त्याचा वर्ग सारखे असायला हवेत, म्हणजे विशालन एक. भिंगासमोर वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट ठेवली की असं होतं, पण तेवढ्या एका जागीच. जरा पुढेमागे झालं की पुन्हा विकृती सुरू. जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८५८ मध्ये याचं सामान्य उत्तर दिलं. एखादं प्रकाशीय साधन संपूर्ण त्रिमितीय अवकाशाची बिनचूक प्रतिमा देणार असेल, तर त्याचं विशालन दोन्ही बाजूंच्या माध्यमांच्या अपवर्तनांकांच्या गुणोत्तराइतकंच असलं पाहिजे. दोन्हीकडे हवा असेल तर एक. हवेत ही अट निर्दोष पाळणारं साधन म्हणजे सपाट आरसा. मोठं करून दाखवणारं प्रत्येक साधन खोलीत खोटं बोलणारच, हे त्यातून सिद्ध होतं.

पण त्या वाक्यातला माध्यमांचा उल्लेख दुर्लक्ष करण्यासारखा नाही. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा असेल तर विशालन १.३३ चालतं, आणि तेव्हा खोलीचंही विशालन १.३३ च येतं. खोलीच्या पूर्ण सूत्रात वर्गाला दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांचं गुणोत्तर जोडलेलं असतं: १.३३ चा वर्ग, भागिले १.३३. ऑक्सफर्डमधल्या टोनी विल्सन यांच्या गटाने २००७ मध्ये नेमकं हेच वापरलं. त्यांनी एकापुढे एक दोन वस्तुभिंगं अशी जोडली की पहिलं नमुन्यातल्या जागेची प्रतिमा घेईल आणि दुसरं ती उलट्या दिशेने पुन्हा घडवेल, दोन्ही मिळून विशालन फक्त अपवर्तनांकांच्या गुणोत्तराएवढं. नमुन्याच्या आतल्या छोट्याशा जागेची, खोलीसकट प्रमाणात असलेली प्रतिमा त्यामुळे बाहेर हवेत तयार होते. तिथे एक इवलासा सपाट आरसा ठेवतात. तो आरसा १० मायक्रॉन मागे सरकवला की प्रकाशाचा जाण्यायेण्याचा मार्ग २० मायक्रॉननी वाढतो आणि पाण्यातल्या नमुन्यात फोकस सुमारे १५ मायक्रॉन सरकतो. नमुना हलत नाही, त्यावर टेकलेलं जड वस्तुभिंगही हलत नाही. जिवंत पेशीभोवतालचं पाणी ढवळलं जात नाही, आणि हलका आरसा भराभर पुढेमागे नेऊन वरचे-खालचे थर एकामागून एक टिपता येतात.